पासवर्ड बदलला? मग पाच दिवस थांबा

पासवर्ड विसरलेला असतो. ईमेलवर दुवा मागवून नवा पासवर्ड लावला की सुटलो एकदाचे असे वाटते. तेवढ्यात पडद्यावर सूचना येते: सुरक्षेच्या कारणास्तव पुढचे काही दिवस या खात्यातून अमुक गोष्ट करता येणार नाही. कुठे वस्तूंची देवाणघेवाण बंद होते, कुठे पैसे पाठवण्याची मर्यादा उतरते, कुठे दुसरा क्रमांक जोडता येत नाही. माणूस चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त आहे. सगळे शहाणे लोक सांगतात की पासवर्ड बदलत जा. आणि बदलला की शिक्षा ही अशी!

ग्राहकसेवेला फोन लावला तर उत्तर मिळते की हा नियम आहे आणि तो आमच्या हातात नाही. नियम का आहे, हे क्वचितच कोणी नीट सांगते. कारण मात्र गूढ नाही. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने 2015 साली ते जाहीरपणे आणि बऱ्याच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. या कंपनीचे ‘स्टीम’ हे संगणकावरच्या खेळांचे जगातले सर्वांत मोठे दुकान. ज्यांच्या घरात ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारे पोरगे आहे, त्यांना हे नाव ओळखीचे असेल.

ऑगस्ट 2013 मध्ये या खेळात बंदुकांना नवे रंग देण्याची सोय झाली. बंदूक तीच, गोळी तितकीच लागते, फक्त अंगावरची नक्षी वेगळी. या नक्षीला खेळाडू ‘स्किन’ म्हणतात. स्किन कमी-जास्त दुर्मीळ असतात, त्या एकमेकांना देता येतात आणि स्टीमच्या बाजारात विकताही येतात. बघता बघता काही स्किनची किंमत लाखो रुपयांवर गेली. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल, पण ज्याला गिऱ्हाईक आहे ते चोरण्याजोगे असते, आणि ही वस्तू चोरायला खिडकीचे गज कापावे लागत नाहीत.

डिसेंबर 2015 मधल्या निवेदनात व्हॉल्व्हने सांगितले की दर महिन्याला सुमारे 77,000 खाती बळकावून लुटली जातात. खात्यांची चोरी आधीही व्हायची. पण वस्तूंची देवाणघेवाण सुरू झाल्यावर ती वीसपट वाढली आणि तक्रारींत पहिल्या क्रमांकावर आली. लुटले जाणारे सगळे नवखे होते असेही नाही. त्यांत व्यावसायिक खेळाडू होते, मुरलेले व्यापारी होते. चोरलेली स्किन चोर आपल्याजवळ ठेवत नसे. ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवली जाई आणि शेवटी कुणा निरपराध माणसाला विकली जाई. मूळ मालक जागा होईपर्यंत वस्तू अशा माणसाकडे असायची, ज्याने ती खरे पैसे मोजून घेतली होती.

मग भरपाई कशी करायची? कंपनीने काही काळ सोपा मार्ग धरला. ज्याची वस्तू गेली त्याला तिची हुबेहूब नवी प्रत करून द्यायची. संगणकातल्या वस्तूची प्रत करायला खर्च तो काय! पण वस्तूची किंमत तिच्या दुर्मीळपणात होती. प्रत्येक चोरीबरोबर बाजारात एक नग वाढू लागला आणि प्रामाणिक मालकांच्या वस्तूंचा भाव उतरू लागला. चोरीची भरपाई सगळा बाजार करत होता. आज स्टीमचे धोरण स्पष्ट आहे: खात्यातून गेलेली वस्तू परत मिळणार नाही.

नंतर भरपाई देता येत नसेल, तर चोरी पुरी होण्याआधीच ती अडवली पाहिजे. स्टीमने फोनमधले ओळखयंत्र आणले. वस्तू हातची सोडताना मालकाने आपल्या फोनवरच्या अॅपमध्ये ‘होय, हा व्यवहार मीच करतो आहे’ असे सांगायचे. ज्याच्या फोनवर ही सोय सात दिवसांपासून चालू आहे, त्याचा व्यवहार लगेच पुरा होतो. ज्याच्याकडे नाही, त्याची वस्तू स्टीम मधल्या मध्ये धरून ठेवते. ती देणाऱ्याकडे नसते आणि घेणाऱ्याकडेही पोचलेली नसते. सुरुवातीला ही मुदत तीन दिवसांची होती, पुढे ती पंधरा दिवसांची झाली. विसरलेला पासवर्ड नव्याने लावला की पाच दिवस देवाणघेवाण बंद, हा यातलाच धाकटा नियम.

हे नियम कसे चालतात ते एका उदाहरणात पाहू. समजा, कोल्हापूरच्या वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी आहे आणि त्याच्या खात्यात चाळीस हजारांच्या स्किन आहेत. शुक्रवारी रात्री ओळखीच्या खेळाडूचा निरोप येतो: आमचा संघ स्पर्धेत उतरलाय, या दुव्यावर जाऊन मत दे ना. दुवा उघडल्यावर स्टीमसारखेच दिसणारे पान येते. हा नाव, पासवर्ड आणि फोनवरचा संकेतांक टाकतो. पान खोटे असते. निरोप पाठवणाऱ्या मित्राचे खातेही आदल्या दिवशी असेच गेलेले असते.

चोर आता आत शिरला आहे, पण वस्तू बाहेर काढायला फोनवरचा होकार लागतो आणि फोन विद्यार्थ्याच्या उशाशी आहे. चोरापुढे मार्ग उरतो तो ओळखयंत्र बदलण्याचा: जुना फोन काढायचा आणि आपला जोडायचा. कुठल्याही खात्यात शिरलेला चोर पहिल्यांदा हेच करतो. पासवर्ड, फोन, ईमेल, म्हणजे मालक परत येऊ शकेल ती एकेक वाट तो बंद करतो. नियम नसता तर पुढच्या दहा मिनिटांत खाते रिकामे झाले असते आणि विद्यार्थ्याला सकाळी नाश्त्याच्या वेळी कळले असते. नियमामुळे नवा फोन जोडताच मुदतीचे घड्याळ सुरू होते. चोराने पाठवलेली वस्तू मधेच अडकून राहते. तिकडे मालकाच्या ईमेलवर ओळखयंत्र बदलल्याची सूचना जाऊन पडलेली असते, आणि त्याच्या फोनवरचे अॅप चालेनासे झालेले असते. शनिवारी दुपारी कळो की सोमवारी, त्याला कंपनीकडे जाऊन खाते परत मिळवायला आणि अडकलेला व्यवहार रद्द करायला वेळ मिळतो.

पण मग हीच सूचना प्रामाणिक माणसालाही का? कारण त्या क्षणी दोघांत फरकच दिसत नाही. नवा फोन घेतलेला मालक आणि चोर, दोघेही नव्या यंत्रावरून येतात, दोघांकडे बरोबर पासवर्ड असतो आणि दोघेही जुना फोन काढून नवा जोडतात. संगणकाला चेहरा दिसत नाही, हेतू तर नाहीच. दोघांत एकच फरक आहे आणि तो नंतर उघड होतो: चोराने केलेल्या बदलाविरुद्ध कोणीतरी ओरडत येते, मालकाने केलेल्या बदलाविरुद्ध कोणी येत नाही. ओरड येते का हे पाहायला वेळ द्यावा लागतो. शेतजमिनीच्या फेरफारात आपल्याकडे हेच चालते. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते. खरेदीखत खरे की खोटे हे तलाठ्याला बसल्या जागी कळत नाही, आणि तसे ते कळावे अशी अपेक्षाही नाही. हरकतीची वाट पाहायची, एवढेच.

म्हणून मुदत किती असावी, याचा संबंध चोराच्या वेगाशी फारसा नसतो. चोराला मिनिटे पुरतात. मालकाला घडले ते कळायला आणि हालचाल करायला किती वेळ लागतो, यावरून दिवस ठरायला हवेत, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे पाहिले तर बहुधा तसेच होत असावे असे वाटते. अॅपलचे उदाहरण घ्या. जानेवारी 2024 मध्ये आयफोनमध्ये चोरीपासून संरक्षणाची एक सोय आली. ती चालू असेल आणि फोन घर किंवा कचेरी अशा नेहमीच्या जागेपासून दूर असेल, तर अॅपल खात्याचा पासवर्ड बदलायला आधी चेहरा किंवा बोट दाखवावे लागते, मग एक तास थांबावे लागते आणि पुन्हा चेहरा दाखवावा लागतो. इथे एक तास पुरतो, कारण हातातला फोन हिसकावला गेलेला माणूस तासाभरात हालचाल करतो. आठवड्यातून एकदा खेळायला बसणाऱ्याच्या खात्यात काय झाले, ते त्याला तासाभरात कळणार नाही. त्याला दिवस लागतात.

आपल्याकडे हा सगळा खेळ सिमकार्डाभोवती फिरतो, कारण आपले बँक खाते, आधार, यूपीआय हे सारे एका मोबाइल क्रमांकाला बांधलेले आहे. खोटी कागदपत्रे दाखवून कोणी तुमच्या क्रमांकाचे दुसरे सिम काढले, की तुमच्या फोनवरची रेंज जाते आणि बँकेचे ओटीपी त्याच्या हातात पडू लागतात. आपण मात्र नेटवर्क गेले असेल म्हणून फोन बाजूला ठेवतो आणि झोपतो. यावर तीन ठिकाणी मुदती बसवल्या आहेत. नवे सिम चालू झाल्यावर पहिले 24 तास त्यावर एसएमएस येत नाहीत आणि जातही नाहीत. फोन लागतो, पण ओटीपी येत नाही, म्हणजे चोराच्या हातात दिवसभरासाठी मुके कार्ड. नव्याने यूपीआय जोडल्यावर पहिल्या 24 तासांत साधारण 5,000 रुपयांपर्यंतच पाठवता येतात. तिसरी मुदत दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस तो क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. मसुद्यात दहा दिवस होते, अंतिम नियमात सात झाले.

या तिसऱ्या मुदतीचे महत्त्व चटकन ध्यानात येत नाही. चोराला क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेऊन काय मिळते? क्रमांक जुन्या कंपनीकडेच असेल, तर तुम्ही ओळखपत्र घेऊन तिच्या गॅलरीत गेलात की खोटे सिम बंद करून तुमचे चालू करणे तिच्या हातात असते. क्रमांक एकदा दुसऱ्या कंपनीकडे गेला, की जुनी कंपनी म्हणते आमच्याकडे नाही आणि नवी म्हणते आमच्या नोंदीत ग्राहक वेगळा आहे. सात दिवसांच्या अटीमुळे निदान दाद कुठे मागायची हे ठरलेले राहते. फोनवरची रेंज कारण नसताना तासन्‌तास गेली आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन नीट चालत असेल, तर हे पहिले लक्षण समजावे आणि सकाळची वाट न पाहता दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवावे.

गूगलने थोडी वेगळी युक्ती केली आहे आणि मला ती जास्त शहाणपणाची वाटते. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन किंवा ईमेल तुम्ही बदलला, तर नवा लगेच लागू होतो. पण पुढचे सात दिवस जुन्या फोनवर किंवा ईमेलवरही संकेतांक मागवण्याची सोय गूगल देऊ शकते. म्हणजे नव्याला अडवण्याऐवजी जुन्याला आठवडाभर जिवंत ठेवले जाते. खरा मालक असेल तर त्याला काही जाणवतही नाही. चोर असेल तर मालक जुन्या फोनवरून आत येऊन सगळे उलटवतो. दुसऱ्या टोकाला मायक्रोसॉफ्ट. तिथे सुरक्षेचे सगळेच तपशील एकदम बदलले, जुना फोन किंवा ईमेल यांपैकी एकही हाताशी ठेवला नाही, तर बदल लागू व्हायला 30 दिवस लागतात. या काळात जुन्या पत्त्यांवर सूचना जाते आणि मालक विनंती रद्द करू शकतो. महिना फारच झाला असे कुणीही म्हणेल. पण ज्याच्याकडे जुना एकही पुरावा उरलेला नाही, तो माणूस नेमका चोरासारखाच दिसतो, हेही खरे.

भिंत मात्र कधी कधी मालकाच्याच आड येते. व्हॉट्सअॅपवर सहा आकडी पिन लावण्याची सोय आहे. पिन विसरला आणि ईमेल दिलेला नसेल, तर नवा पिन लावायला सात दिवस थांबावे लागते. चोराने दुसऱ्याच्या क्रमांकावर खाते उघडायचा प्रयत्न केला, तर हा पिन त्याला अडवतो. पण ज्याने पिन लावलाच नव्हता त्याचे खाते चोराने घेतले, आणि आत शिरताच स्वतःचा पिन लावला, तर सात दिवस बाहेर राहायची पाळी मालकावर येते. अशा वेळी लोक हताश होऊन प्रयत्न सोडतात, तिथे चुकतात. आपल्या फोनवर एसएमएसने आलेला संकेतांक टाकला की चोर त्या क्षणी बाहेर फेकला जातो, मग पिन आपल्याला माहीत असो वा नसो. सात दिवस दोघेही बाहेर राहतात, पण तुमच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागणे थांबते.

मुदत चुकवण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी मुदत सुरू होण्याआधी असतो, नंतर नसतो. जुना फोन विकण्याआधी, तो हातात असतानाच, ओळखयंत्र नव्या फोनवर न्यावे. ईमेल आणि फोन दोन्ही बदलायचे असतील तर एकदम बदलू नयेत. एक जुना राहू द्यावा आणि नव्याची खात्री पटल्यावर दुसरा बदलावा. मुदत लागल्यावर घाईने बदल रद्द करून पुन्हा करू नये, कारण अनेकदा मोजणी पहिल्यापासून सुरू होते. आणि ‘थोडे पैसे द्या, तुमची मुदत उठवून देतो’ असे सांगणारा कोणी भेटला तर तो ठग आहे. स्टीमचे किंवा मायक्रोसॉफ्टचे कर्मचारी ही मुदत कमी करून देत नाहीत. एखाद्याच्या विनंतीवरून ती उठली असती, तर चोरानेही गोड बोलून उठवून घेतली असती.

माझी कंपन्यांवर नाराजी आहे ती वेगळ्याच गोष्टीसाठी. मुदत लागणार हे त्या बटण दाबल्यावर सांगतात. ‘हा बदल केलात तर अमुक तारखेपर्यंत व्यवहार बंद राहतील, पुढे जायचे?’ एवढे एक वाक्य आधी दाखवले तर निम्मा मनस्ताप वाचेल. ज्याचे परदेशचे विमान उद्या आहे, तो आज सिम बदलणारच नाही.

तरी या व्यवस्थेला एक मोठे भगदाड आहे. ती जागी होते सुरक्षेचा तपशील बदलला की. काहीच न बदलणारा चोर तिच्या नजरेत येत नाही. कोल्हापूरच्या त्या विद्यार्थ्याच्या खात्यात शिरलेला दुसरा, अधिक सबुरीचा चोर पासवर्डला हातही लावणार नाही. स्टीमवर प्रोग्रामरांसाठी एक किल्ली मिळते, तिच्या साहाय्याने खात्यातले व्यवहार आपोआप पाहता येतात आणि रद्द करता येतात. चोर मालकाच्या नकळत ती काढून गप्प बसे. आठवड्याने विद्यार्थी मित्राला खरीच एक स्किन पाठवायला निघाला की किल्ली तो व्यवहार रद्द करी, आणि त्याच क्षणी त्याच मित्राचे नाव नि चित्र लावलेल्या दुसऱ्याच खात्याकडून तसाच प्रस्ताव समोर येई. विद्यार्थी आपल्याच फोनवर, आपल्याच बोटाने होकार देई. वस्तू तत्काळ गेली! ओळखायची खूण एकच: होकार मागणाऱ्या पडद्यावर समोरच्या खात्याची पातळी आणि ते कधी उघडले याची तारीख दिसते. दहा वर्षे खेळणाऱ्या मित्राचे खाते गेल्या महिन्यात उघडलेले दिसले, तर तो मित्र नव्हे.

यावर व्हॉल्व्हने जुलै 2025 मध्ये आणखी एक पाऊल टाकले. आता काउंटर-स्ट्राइकमधली स्किन देवाणघेवाणीत मिळाली की नव्या मालकाला ती वापरता येते, पण सात दिवस पुढे कुणाला देता येत नाही. या सात दिवसांत देणारा माणूस आपले या मुदतीतले असे सगळे व्यवहार एकदम उलटवू शकतो आणि वस्तू मूळ जागी परत येतात. चोरी पासवर्ड बदलून झाली की फसवून, याचा प्रश्नच उरत नाही. पण मग स्टीमच्या बाहेर रोख पैसे घेऊन वस्तू विकणारा एखादा लबाड सहाव्या दिवशी व्यवहार उलटवेल, त्याचे काय? त्यासाठी उलटवणाऱ्याच्या खात्यावर 30 दिवस व्यवहारबंदी येते. आणि स्किनचा व्यापार करणाऱ्या बाहेरच्या बाजारांनी आपला उपाय आपणच शोधला: विकणाऱ्याचे पैसे ते ही सात दिवसांची मुदत संपेपर्यंत आपल्याकडेच ठेवून घेऊ लागले. म्हणजे ज्याने पासवर्ड बदललेला नाही, फोन बदललेला नाही आणि सगळे नियम पाळले आहेत, त्यालाही आता आपल्या पैशांसाठी आठवडाभर थांबावे लागते.